मिरर-लेन्सच्या गणितात साईन नेमकी कुठं उलटी पडते

राजारामपुरीत माझ्याकडं संध्याकाळी सातची बॅच असते, बारावी सायन्सची सात-आठ पोरं. त्यातला एक खरंच हुशार आहे, इंटिग्रेशन जवळजवळ तोंडी करतो, पण मिरर-लेन्स आलं की दहातली चार गणितं बरोबर. गंमत अशी की चुकलेल्या बहुतेक गणितांत आकडा बरोबर असतो, फक्त साईन उलटी. 30 च्या जागी -30. विचारलं की ठरलेलं उत्तर, "सर, सिली मिस्टेक झाली." दोन आठवडे ऐकून घेतलं, मग एका रविवारी त्याचे मागचे तीन पेपर समोर घेऊन बसलो आणि बघतो तर काय, सिली मिस्टेक कधी इकडं कधी तिकडं होते, ह्याची प्रत्येक वेळी त्याच दोन जागी होत होती. त्या दोन जागा आज सविस्तर सांगतो, कारण हे एकट्याचं दुखणं नाही.

आधी एक सांगून ठेवतो, मी बारावीचे शब्द वापरणार आहे, कॉन्केव्ह-कॉन्व्हेक्स वगैरे. मराठी मीडियममधून आलेल्यांनी कॉन्केव्ह म्हणजे अंतर्वक्र आणि कॉन्व्हेक्स म्हणजे बहिर्वक्र असं वाचायचं. u म्हणजे ऑब्जेक्टचं अंतर, v म्हणजे इमेजचं अंतर, f म्हणजे फोकल लेंथ, आपलं नाभीय अंतर, आणि m म्हणजे मॅग्निफिकेशन, इमेज वस्तूच्या किती पट ते.

त्याच्या पेपरातलं गणित असं. कॉन्केव्ह मिररची फोकल लेंथ 15 सेमी, ऑब्जेक्ट 10 सेमीवर ठेवलंय, इमेज कुठं आणि किती पट? त्यानं लिहिलेलं:

```
1/(-v) + 1/(-10) = 1/(-15)
1/v = 1/15 - 1/10 = -1/30
v = -30
m = -v/u = -(-30)/(-10) = -3
```

आणि खाली शेरा, "v मायनस आहे म्हणून इमेज व्हर्च्युअल, m मायनस म्हणून उलटी, 3 पट."

आता हे नीट वाचा. व्हर्च्युअल आणि उलटी? एकट्या मिररसमोर साधी वस्तू ठेवली तर असली इमेज जगात कुठं मिळत नाही. दाढीचा मोठं दाखवणारा आरसा तोंडाजवळ धरा, चेहरा मोठा दिसतो आणि सुलटा दिसतो, म्हणून तर दाढी करता येते. उलटा दिसला असता तर रोज कापून घेतलं असतं. म्हणजे पेपर तपासणाऱ्याआधी त्याच्या स्वतःच्या शेवटच्या ओळीनंच सांगितलं होतं की वर कुठंतरी माती झाली आहे.

ह्यात चुका दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या जातीच्या.

पहिली चूक पहिल्याच ओळीत, `1/(-v)`. मी विचारलं, v ला मायनस का लावलास? म्हणाला, "सर, कॉन्केव्हमध्ये इमेज समोर असते ना." बरं, समोर आहे हे तुला कुणी सांगितलं? तेच तर शोधायचंय की! v हे अक्षर म्हणजे बंद डबा आहे, आत प्लस 30 आहे का मायनस 30 आहे ते गणित सुटल्यावर डबा उघडूनच कळणार. तू बाहेरून मायनसची चिठ्ठी चिकटवलीस, मग डबा उघडला तर आतून अजून एक मायनस निघाला, आणि तू बाहेरची चिठ्ठी विसरून फक्त आतला मायनस वाचलास. तुझ्या v चा अर्थ झाला "मायनस 30 च्या उलट", म्हणजे प्लस 30. उत्तर बरोबरच आलं होतं, वाचताना चुकलास.

तेव्हा पहिला नियम, आणि हा एवढा एकच नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतो: जे माहीत आहे त्याला साईन, जे शोधायचं आहे त्याला नुसतं अक्षर. u दिलाय, साईन लाव. f दिलाय, साईन लाव. v शोधायचाय, हात लावू नको.

ह्याच्या मागचं कारण समजून घेतलं तर नियम पाठ करायला लागत नाही. पोरांना वाटतं फॉर्म्युल्यातला प्लस-मायनस वेगळा आणि आपण लावतो ती साईन वेगळी. तसं नाहीये. साईनशिवाय नुसती अंतरं घ्या, पट्टीनं मोजलेली. रियल इमेज असेल तर मिरर असो की कॉन्व्हेक्स लेन्स, दोन्हीकडं एकच गोष्ट खरी असते:

```
1/(इमेजचं अंतर) + 1/(ऑब्जेक्टचं अंतर) = 1/(फोकल लेंथ)
```

आता ह्याला साईनचे कपडे चढवा. लेन्समध्ये ऑब्जेक्ट डावीकडं म्हणून u मायनस, इमेज आणि फोकस उजवीकडं म्हणून प्लस. पट्टीवरचं ऑब्जेक्टचं अंतर म्हणजे -u झालं, ते वर टाकलं की `1/v - 1/u = 1/f`. मिररमध्ये ऑब्जेक्ट, इमेज, फोकस तिन्ही डावीकडं, तिन्ही मायनस, सगळीकडून मायनस गेला की परत `1/v + 1/u = 1/f`. लेन्सच्या फॉर्म्युल्यातला मायनस आणि मिररचा प्लस असा आलाय. म्हणजे साईनचं कॉन्व्हेन्शन फॉर्म्युल्यात आधीच एकदा शिरलेलं आहे, तुम्ही फक्त आकडे त्यांच्या साईनसकट आत सोडायचे, मध्ये डोकं चालवायचं नाही.

ह्यातूनच एक कामाची युक्ती निघते. परीक्षेत लेन्सला मायनस होता का मिररला, असा घोळ झाला तर 2f वाली केस टाकून बघायची. 2f वर ठेवलेल्या वस्तूची इमेज 2f वरच पडते हे सगळ्यांना पाठ असतं. लेन्स घे, f 10, म्हणजे u -20 आणि v +20. `1/20 - (1/(-20))` म्हणजे 2/20, म्हणजे 1/10, बसलं. मध्ये प्लस टाकून बघ, शून्य येतं. पंधरा सेकंदात निकाल.

आता दुसरी चूक, ही जास्त खोल आहे. "v मायनस म्हणून व्हर्च्युअल." हे वाक्य त्यानं लेन्सच्या चॅप्टरमधून उचललंय आणि लेन्ससाठी ते बरोबरपण आहे. मिररला लावलं की बरोबर उलटं पडतं. त्याच्या पेपरात तर अजून मजा, चुकीच्या साईनला चुकीचा नियम लावला म्हणून "व्हर्च्युअल" हा निष्कर्ष बरोबर आला, आणि त्यामुळंच त्याला संशय आला नाही. मग m काढताना त्या चुकीच्या -30 नं दगा दिला.

साईन तुम्हाला रियल-व्हर्च्युअल सांगतच नाही. साईन फक्त बाजू सांगते. रस्त्यावर उभं राहून "दुकान डावीकडं का उजवीकडं" एवढंच तिचं काम, दुकान चालू आहे का बंद हे तिला माहीत नाही. प्लस म्हणजे येणारा प्रकाश ज्या दिशेनं चालला होता ती बाजू, मायनस म्हणजे उलटी बाजू. लक्षात घ्या, प्लस म्हणजे उजवीकडं असं नाही, आपण आकृती नेहमी डावीकडून उजवीकडं काढतो म्हणून ते उजवीकडं येतं एवढंच. आपल्या कोल्हापुरात अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचं ऊन देवळाच्या महाद्वारातून आत गाभाऱ्याकडं जातं, तिथं आरसा ठेवून गणित घातलं तर पश्चिमेकडून पूर्वेकडं ही प्लस दिशा.

बाजू कळली की मग दुसरा प्रश्न वेगळा विचारायचा: त्या बाजूला खरा प्रकाश पोचतो का? लेन्समधून प्रकाश आरपार जातो, उजवीकडं निघतो. म्हणून उजवीकडं पडलेली इमेज, म्हणजे v प्लस, ही रियल, पडदा धरला तर पडद्यावर दिसेल. मिररवर प्रकाश आपटून माघारी येतो, म्हणून प्रकाश डावीकडंच आहे, तिथली इमेज, म्हणजे v मायनस, ही रियल. आरशाच्या पाठीमागं भिंत असते, तिथं कुठला प्रकाश? म्हणून मिररमध्ये v प्लस म्हणजे व्हर्च्युअल. एवढंच आहे. चार नियम पाठ करण्यापेक्षा प्रकाश कुठं गेला हे विचारलेलं बरं.

फोकल लेंथची साईनपण ह्याच विचारानं काढायची. लांबून समांतर किरण येतायत असं धर. कॉन्केव्ह मिररवर आपटून माघारी येऊन डावीकडं एकत्र येतात, f मायनस. कॉन्व्हेक्स लेन्समधून आरपार जाऊन उजवीकडं एकत्र येतात, f प्लस. कॉन्व्हेक्स मिररवरून पसरत माघारी येतात, पण ते किरण मागं वाढवले तर आरशाच्या मागं भेटल्यासारखे वाटतात, f प्लस. कॉन्केव्ह लेन्सचे पसरत पुढं जातात, मागं वाढवले तर डावीकडं भेटतात, f मायनस. नीट बघितलं तर कॉन्व्हेक्स दोन्ही प्लस आणि कॉन्केव्ह दोन्ही मायनस, हा शॉर्टकट पोरांना लई आवडतो आणि शाळेच्या-सीईटीच्या गणिताला चालतो, फक्त लेन्स हवेत आहे हे धरून. लेन्सच्या काचेपेक्षा जास्त रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सच्या द्रवात बुडवली तर कॉन्व्हेक्स लेन्सच किरण पसरवायला लागते आणि तिची f मायनस होते. तिथं शॉर्टकट फसतो, किरणाचा विचार फसत नाही.

त्या पोराच्या गोंधळाला अजून एक कारण सापडलं, ते थोडं बाजूचं आहे पण सांगतो. घरी त्याच्या वडिलांची जुनी वही होती, त्यावरून तो अधूनमधून बघायचा. त्या वहीत वेगळं कॉन्व्हेन्शन होतं, रियल ते सगळं प्लस, व्हर्च्युअल ते सगळं मायनस, आणि लेन्सलापण `1/v + 1/u = 1/f`. ती पद्धत चुकीची नाही, त्यातपण उत्तरं येतात, कॉन्केव्ह मिररची f तिथं प्लस असते. पण अर्धं हे आणि अर्धं ते घेतलं की संपलं, दोन्ही गावचे पाहुणे आणि जेवण कुठंच नाही. ती वही कपाटात ठेवायला लावली, वडिलांना वाईट वाटलं असेल थोडं, पण इलाज नव्हता.

आता तेच गणित परत, माझ्या समोर बसून त्यानं सोडवलेलं. फॉर्म्युला लिहायच्या आधी कागदावर एक आडवी रेघ, मधे मिररची उभी रेघ, तिच्या पायथ्याशी 0 लिहिलं, वर डावीकडून उजवीकडं एक बाण काढला आणि बाणावर "प्रकाश" असं लिहिलं. हा बाण मी सक्तीनं काढायला लावतो, दोन सेकंद लागतात. पट्टीचा शून्य म्हणजे मिररचा पोल, लेन्स असेल तर ऑप्टिकल सेंटर, सगळी अंतरं तिथून मोजायची. पोरं कधीकधी फोकसपासून किंवा ऑब्जेक्टपासून मोजतात आणि मग साईन बरोबर असून आकडा चुकतो. मग डावीकडं ऑब्जेक्ट, 10 वर, म्हणून `u = -10`. फोकस डावीकडं, 15 वर, म्हणून `f = -15`. आणि `v = ?`, प्रश्नचिन्हासकट लिहायचं, म्हणजे हात शिवशिवत नाही मायनस लावायला.

मग आकडे टाकायच्या आधी अक्षरांतच 1/v एकटं काढायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण आकडे टाकून मग पदं इकडून तिकडं नेताना निम्म्या साईन रस्त्यात सांडतात.

```
1/v = 1/f - 1/u
1/v = 1/(-15) - 1/(-10)
    = -1/15 + 1/10
    = (-2 + 3)/30 = 1/30
v = +30
```

कंस सोडायचा नाही, `- 1/(-10)` असंच लिहायचं आणि पुढच्या ओळीत प्लस करायचा. मनातल्या मनात करून थेट प्लस लिहिणारे हुशार लोकच जास्त सांडतात. आणि शेवटी 1/30 आलं की उलटं करायला विसरू नका, त्यात साईन बदलत नाही, फक्त वरचं खाली होतं.

डबा उघडला, प्लस 30. बाजू? उजवीकडं, आरशाच्या मागं. तिथं प्रकाश जातो का? नाही. म्हणून व्हर्च्युअल. आता m:

```
m = -v/u = -(30)/(-10) = +3
```

प्लस म्हणजे सुलटी, 3 पट. व्हर्च्युअल आणि सुलटी, जोडी जमली. ही जोडी म्हणजे फुकटची तपासणी आहे. एक मिरर किंवा एक लेन्स आणि समोर साधी वस्तू असेल तर रियल इमेज उलटीच असते आणि व्हर्च्युअल सुलटीच. v वरून एक उत्तर आलं, m वरून दुसरं, दोन्ही जमले नाहीत तर पुढचं गणित घ्यायचं नाही, मागं जायचं. m च्या फॉर्म्युल्यातपण मिररला `-v/u` आणि लेन्सला `v/u` आहे हा घोळ होतो, तो ह्याच जोडीनं पकडता येतो.

ज्यांना हे कागदावर पटत नाही त्यांनी स्टीलचा चमचा घ्यावा. आतली बाजू तोंडासमोर धरली की तुम्ही उलटे दिसता, कारण चमच्याची फोकल लेंथ जेमतेम काही सेंटिमीटर आणि तुमचं तोंड त्याच्या बरंच बाहेर. बोटाचं टोक अगदी चमच्याला टेकवत न्या, एका जागी सगळं फाटल्यासारखं पसरतं आणि त्याच्या आत गेलं की बोट सुलटं आणि मोठं. ते फाटतं ना, तिथं जवळपास फोकस आहे, आणि त्याच जागेवर गणितातला v मायनसमधून प्लसमध्ये उडी मारतो. f -15 धरून u ला -16 आणि मग -14 टाकून बघा, v येतो -240 आणि +210. साईन का बदलते हे हातात धरून कळतं, मिसळ येईपर्यंत टेबलावर करण्यासारखा उद्योग आहे.

लेन्सचं एक पटकन करू. भिंगाची f 10 सेमी, आजोबा पंचांग वाचताना भिंग अक्षरांपासून 6 सेमीवर धरतात. `u = -6`, `f = +10`, आणि लेन्सचं `1/v = 1/f + 1/u`. म्हणजे 1/10 वजा 1/6, 30 छेद केला तर 3 वजा 5, -2/30, v = -15. बाजू डावीकडं, म्हणजे पंचांग आहे त्याच बाजूला, आणि लेन्सचा प्रकाश तर उजवीकडं आजोबांच्या डोळ्याकडं गेलाय, म्हणून व्हर्च्युअल. m = (-15)/(-6) = +2.5, सुलटी. जोडी जमली.

आता जिथं नियमाला थोडी जास्त समज लागते ते गणित: "20 सेमी फोकल लेंथच्या कॉन्केव्ह मिररनं दुप्पट मोठी इमेज मिळते, ऑब्जेक्ट कुठं?" इथं पोरं m = 2 टाकून मोकळी होतात. पण दुप्पट हा नुसता आकार आहे, साईन दिलेली नाही. कॉन्केव्ह मिरर दुप्पट इमेज दोन प्रकारे देऊ शकतो. उलटी धरली तर m = -2, `-v/u = -2`, v = 2u. ते फॉर्म्युल्यात टाकलं तर 1/2u + 1/u, म्हणजे 3/2u = -1/20, u = -30. सुलटी धरली तर m = +2, v = -2u, मग -1/2u + 1/u म्हणजे 1/2u = -1/20, u = -10. दोन्ही उत्तरात u मायनसच आला, म्हणजे वस्तू समोरच आहे, दोन्ही खरी. प्रश्नात "पडद्यावर" असं लिहिलं असेल तर पहिलं घ्यायचं, "सुलटी" लिहिलं असेल तर दुसरं, काहीच नसेल तर दोन्ही लिहायची. बघा, इथंपण u ला आधी मायनस चिकटवला नाही, तो आपोआप बाहेर आला.

आणि शेवटचं, "u नेहमी मायनस" हे वाक्य. दहावीपर्यंत चालतं, बारावीला दोन लेन्स आल्या की मोडतं. परवा त्याच पोराला दिलं: पहिली कॉन्व्हेक्स लेन्स f 20, ऑब्जेक्ट 40 वर, पहिल्या लेन्सपासून 30 सेमीवर दुसरी कॉन्केव्ह लेन्स, तिची f 15. पहिली इमेज +40 वर, m -1, ते त्यानं झटकन काढलं. पण दुसरी लेन्स तर 30 वरच उभी आहे, म्हणजे किरण 40 वर भेटायच्या आधीच तिनं अडवले, आणि भेटायची जागा दुसऱ्या लेन्सच्या 10 सेमी पुढं. त्यानं सवयीनं `u = -10` लिहिलं, v आला -6, इमेज व्हर्च्युअल. मी काही बोललो नाही, फक्त त्याच्या वहीतल्या बाणाकडं बोट दाखवलं. दुसऱ्या लेन्सला 0 धरून नवीन बाण काढलास का? ती जागा कुठल्या बाजूला? बराच वेळ बघत बसला, मग खोडून `u = +10` केलं.

```
1/v = 1/f + 1/u = -1/15 + 1/10 = 1/30
v = +30
m = (-1) x (30/10) = -3
```

"सर, पण कॉन्केव्ह लेन्सनं रियल इमेज?" संशयानं विचारतोय. मी म्हटलं, किरण आधीच 10 वर गोळा व्हायला निघाले होते, कॉन्केव्हनं ते थोडे पसरवले, मग ते 10 च्या अलीकडं भेटतील का पलीकडं? "पलीकडं." 30 पलीकडं आहे का? "आहे." मग झालं की. वही मिटली, पण बाहेर चपला घालता घालता परत आला, "सर, ती फोकल लेंथ 15 च्या जागी 8 असती तर?" करून बघ म्हटलं, घरी जाऊन. रात्री मेसेज आला: `v = -40`, खाली बाणाचा फोटो, आणि लेन्सच्या डावीकडं गोल करून लिहिलेलं, "इथं प्रकाश जात नाही, व्हर्च्युअल".